‘हा नंबर आधीच दुसऱ्या खात्याशी जोडलेला आहे’: माझ्या नंबरावर भलत्यानेच उघडलेलं खातं

‘तुम्ही खरे विक्रेते आहात ना, हे बघायला एक कोड पाठवतो, तेवढा सांगा,’ असं कुणी म्हणालं तर तो माणूस तुमची खात्री करून घेत नसतो. तो कुठल्यातरी सेवेत स्वतःचं खातं उघडत असतो आणि त्यातली शेवटची पायरी तुमच्याकडून पार करून घेत असतो. माझ्या नंबरावर असं खातं उघडलं गेलं. मला ते कळलं काही महिन्यांनी, तेही योगायोगाने.

मी जुना कॅमेरा विकायला काढला होता आणि जाहिरातीत माझा मोबाइल नंबर दिला होता. एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला. भावात घासाघीस नाही, लेन्सवर ओरखडे आहेत का याची चौकशी नाही, थेट ‘घेतो’. वापरलेला कॅमेरा घेणारा माणूस त्याचं शटर किती वेळा उडालंय हे विचारल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. याला कॅमेऱ्यात काही रसच नव्हता. पुढचा मेसेज असा होता: ‘हल्ली खोट्या जाहिराती फार असतात. तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवतोय. तो मला सांगितलात की तुम्ही खरे, मग लगेच पैसे पाठवतो.’ फोनवरच बोलू या म्हटलं, तर हा मीटिंगमध्ये.

कोड आला. त्या मेसेजमध्ये जाहिरातीच्या साइटचं नाव नव्हतं. इंटरनेटवरून बोलण्यासाठी वेगळा फोन नंबर देणाऱ्या एका सेवेचं नाव होतं, आणि कोड कुणालाही देऊ नका, असंही लिहिलेलं होतं. मी कोड दिला. थोड्या वेळाने ‘त्याची मुदत संपली, दुसरा पाठवतो’ असं आलं, तोही दिला. त्यानंतर गिऱ्हाईक गप्प झालं ते झालंच. पैसे गेले नव्हते, कॅमेरा घरातच होता, त्यामुळे मी विषय सोडून दिला. नंतर एक-दोन अनोळखी फोन आले. बोलणारे एका भाड्याच्या खोलीबद्दल विचारत होते, त्यातल्या एकाने आगाऊ रक्कमही भरली होती. राँग नंबर म्हणून मी तेही सोडून दिलं.

पुढे जाहिरातीत स्वतःचा खरा नंबर द्यायला नको, म्हणून मी त्याच सेवेत एक इंटरनेट नंबर घ्यायला गेलो. माझा मोबाइल नंबर टाकला आणि स्क्रीनवर उत्तर आलं, की हा नंबर आधीच दुसऱ्या खात्याशी जोडलेला आहे.

असं दिसलं की लगेच फसवणूक समजायचं कारण नाही. याची साधी कारणं जास्त असतात. आपलंच एखादं विसरलेलं खातं असतं. घरातल्या कुणीतरी स्वतःच्या खात्यात आपला नंबर टाकलेला असतो. किंवा सिम नवं असतं आणि नंबर जुना. बंद झालेला नंबर काही काळ बाजूला ठेवून मोबाइल कंपन्या तो दुसऱ्या ग्राहकाला देतात. आधीच्या माणसाची खाती मात्र त्या नंबराला चिकटलेलीच राहतात, कारण नंबराचा मालक बदलला हे त्या सेवांना आपोआप कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, की हा नंबर माझ्याकडे कधीपासून आहे. माझ्याकडे तो बरीच वर्षं आहे, म्हणजे आधीच्या मालकाचा संशय बाद. घरात विचारलं, तिथेही कुणाचं खातं नव्हतं. मग जुने मेसेज उघडले. त्या सेवेकडून मला आलेले कोड दोनच होते, आणि दोन्ही त्या कॅमेऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या दिवशी आलेले.

आता त्याला माझाच नंबर का हवा होता, ते बघा. इंटरनेट नंबर देणाऱ्या सेवा तो हवेत देत नाहीत. आधीपासून चालू असलेला एक खरा फोन नंबर जोडावा लागतो, आणि एका नंबरावर एकच खातं मिळतं. ठगाचे स्वतःचे नंबर लवकरच वापरून संपतात. मला दिसला तोच ‘आधीच जोडलेला आहे’ हा मजकूर त्याला माझ्या कितीतरी आधी आडवा आलेला असतो. म्हणून त्याला रोज ताजे, कुठेही न वापरलेले नंबर लागतात. विक्रीच्या जाहिराती, हरवलेल्या कुत्र्या-मांजरांच्या जाहिराती, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, सगळीकडे नंबर आयते लिहिलेले असतात आणि फोनपाशी बसून उत्तराची वाट पाहणारा माणूसही आयताच असतो. माझ्या नंबराच्या आधारावर त्याला जो इंटरनेट नंबर मिळाला, तो त्याने खोटी खोली भाड्याने देण्यासाठी वापरला. त्या नंबरावर येणारे फोन जोडलेल्या मोबाइलवरही वाजतात. ती सोय बंद करायला त्याला उशीर झाला असावा, म्हणून ते भाडेकरू माझ्यापर्यंत पोहोचले. ज्याने आगाऊ रक्कम भरली होती, तो ती परत मिळण्याच्या आशेने माझ्याशी बोलत होता, हे आता समजतं.

हे शक्य होतं, कारण कोडने जे सिद्ध होतं ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार थोडं असतं. सेवा एक यादृच्छिक आकडा तयार करते, दिलेल्या नंबरावर पाठवते, आणि काही मिनिटांत तोच आकडा पानावर टाइप होतो का, एवढंच बघते. सहा आकड्यांचे दहा लाख पर्याय असतात आणि चुकीचे आकडे टाकायला मोजक्याच संधी मिळतात, त्यामुळे अंदाजाने तो सापडत नाही. पण फोनच्या पडद्यावरून तो पानापर्यंत कुठल्या वाटेने आला, हे सेवेला दिसत नाही. स्वतः वाचून टाकला, शेजाऱ्याने ओरडून सांगितला की गिऱ्हाइकाला चॅटवर पाठवला, तिच्या लेखी तिन्ही सारखंच. सिम कुणाच्या नावावर आहे हे फक्त मोबाइल कंपनीला माहीत असतं, आणि कोड तपासताना तिला कुणी विचारत नाही. मी माझ्या मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेशीही बोललो. तिथल्या बाईंनी नीट समजावलं, की नंबर तुमच्याच नावावर आहे, पण तो कुठल्या खात्यांना जोडलाय हे आम्हाला दिसत नाही आणि तिथून काढताही येत नाही. त्यांचं बरोबर होतं.

यावर एक वेगळी पद्धत आहे. काही अ‍ॅप्स कोड पाठवतच नाहीत. मोबाइल डेटा चालू असताना ती थेट मोबाइल कंपनीला विचारतात, की हे कनेक्शन याच नंबराच्या सिमवरून आलंय का. उत्तर हो किंवा नाही. त्यात माणसाच्या हातात कोड येतच नाही, त्यामुळे कुणी तो गोड बोलून मागूही शकत नाही. पण त्यासाठी कंपनी आणि अ‍ॅप यांच्यात तशी व्यवस्था लागते, आणि वायफायवर किंवा संगणकावर असाल तर ते जमत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी गाडी शेवटी एसएमएसवरच येते.

कोडचा हाच तोकडेपणा नंबर परत मिळवताना मात्र आपल्या बाजूने असतो. ठगाने मला एकदा फसवून कोड घेतला, पण माझं सिम माझ्याकडेच होतं. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये मी स्वतःच्या खात्यातून माझा नंबर जोडायला घेतला. तो दुसरीकडे जोडलेला असल्याचं सांगून तिने पुन्हा कोड पाठवला, आणि तो मी टाकल्यावर नंबर त्या खात्यातून सुटून माझ्याकडे आला. पुरावा मागायला नको, अर्ज करायला नको. शेवटचा कोड ज्याने बरोबर टाकला, नंबर त्याचा. सगळ्या सेवा एवढ्या सरळ नसतात. काही ठिकाणी दोन खात्यांतली ओढाताण टाळण्यासाठी नंबर हलवूच देत नाहीत, तिथे मदत विभागाला लिहावं लागतं. जुनं खातं कुणाचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. मी विचारलं होतं, उत्तर अर्थातच नकाराचं आलं.

एक गोष्ट टाळावी. ‘पासवर्ड विसरलात?’ वर जाऊन, आपल्या नंबरावर कोड मागवून त्या परक्या खात्यात शिरू नये. नंबर पूर्वी दुसऱ्या कुणाचा असेल तर ते त्या बिचाऱ्याचं खातं असतं, त्यात त्याचे फोटो, त्याची पत्रं. आणि खातं ठगाचं असेल तर त्याच्या उद्योगांत आपल्या लॉगिनची नोंद कशाला हवी? नंबर सोडवून घ्यायचा, आत जायचं नाही.

नंबर सुटला तरी त्याचा इंटरनेट नंबर त्या क्षणी मरत नाही, फक्त त्याला जोडलेला खरा नंबर जातो. म्हणून सेवेच्या गैरवापराच्या फॉर्मवर मी तारीख, दोन्ही कोडचे मेसेज आणि त्या गिऱ्हाइकाशी झालेल्या गप्पांचे स्क्रीनशॉट पाठवले. पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन तिची प्रत ठेवली, कारण खोलीच्या नावाने फसलेल्यांपैकी कुणी तक्रार केली तर तपासात त्या खात्याला माझाच नंबर जोडलेला दिसेल. ज्या भाडेकरूचा फोन कॉलच्या यादीत शिल्लक होता, त्याला फोन करून काय झालं ते सांगितलं. त्याला ते पटलं की नाही, कोण जाणे.

माझ्या बाबतीत ठगाला माझे मेसेज वाचता आले नाहीत, बँकेत शिरता आलं नाही. पण तोच सहा आकडी कोड व्हॉट्सअ‍ॅपचा असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथे नंबर म्हणजेच खातं. कोड दुसऱ्याच्या फोनवर टाकला गेला की आपला फोन बाहेर पडतो आणि आपल्या नावाने आपल्या माणसांकडे पैसे मागितले जातात. तिथेही पुन्हा स्वतःच्या सिमवर कोड मागवून टाकला की तो बाहेर फेकला जातो. त्याने मध्ये दुहेरी पडताळणीचा पिन लावून ठेवला असेल तर पिनशिवाय आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोवर तोही आत नसतो. तो पिन आपण आधीच लावून ठेवला असेल तर नुसत्या कोडवर त्याचं काम भागत नाही.

शेवटी आणखी एक जण भेटला, तोही सांगून ठेवतो. नंबर कसा सोडवायचा हे शोधताना मला ‘जोडलेला नंबर काढून देतो’ म्हणणारा एक मदतनीस सापडला. थोडी फी, आणि ‘तुमच्या नंबरवर कोड येईल, तो मला पाठवा.’