मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 चे 5 लाख घ्यावे की कलम 166 खाली लढावं? एक हिशोब मांडून बघू

समजा 2024 मधला अपघात आहे, 38 वर्षांचा वायरमन बाइकवरून घरी येताना ट्रकच्या धडकेत गेला, कमाई महिन्याला 20,000, मागे बायको, दोन पोरं आणि आई. इन्शुरन्सवाले म्हणतात 164 खाली 5 लाख घ्या आणि मोकळे व्हा.

164 मध्ये चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही, मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, पगार 8 हजार असो की 80 हजार. पण इथेच गोची आहे: कलम 149 मधल्या इन्शुरन्स तडजोडीच्या पद्धतीने ते पैसे स्वीकारले की 166 चा क्लेम तिथेच संपतो. म्हणजे आत्ता हे घेऊ, उरलेलं नंतर भांडून मिळवू, असं जमत नाही.

आता 166. वर्षाची कमाई 2,40,000. माणूस चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा करणारा, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईचे 40 टक्के आधी मिळवायचे (सुप्रीम कोर्टाचा प्रणय सेठी निकाल, 2017), झाले 3,36,000. अवलंबून चौघं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले 2,52,000. 36 ते 40 वयाला सरला वर्मा निकालातला गुणक 15, म्हणजे 37,80,000. गुणक मयताच्या वयावरून घ्यायचा, आईच्या किंवा बायकोच्या नाही, पेपरात हमखास इथेच मार्क जातात.

वर सहवास गमावल्याचे 40,000 माणशी, आणि अंत्यविधी नि इस्टेटच्या नुकसानीचे 15,000-15,000. यात दर 3 वर्षांनी 10 टक्के वाढ, दोनदा धरली की 48,400 गुणिले 4 म्हणजे 1,93,600, अधिक 36,300. एकूण 40,09,900.

कुठे 5 आणि कुठे 40! पण 166 मध्ये ट्रकवाल्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, त्यामुळे एफआयआर, स्पॉट पंचनामा, साक्षीदार यावर सगळं लटकतं. समजा बाइकवाल्याची 30 टक्के चूक निघाली तरी 28,06,930 मिळतात. अगदी 80 टक्के त्याचीच चूक ठरली तरी 8 लाखांच्या वर, म्हणजे 164 पेक्षा जास्तच, फक्त चूक पूर्ण त्याचीच ठरली तर हातात शून्य.

कमाईचा कागद नसेल तर मात्र आकडा झपकन खाली येतो. वायरमनला पगाराची स्लिप कुठून असणार, मग बँकेचं पासबुक, कामं देणाऱ्यांची साक्ष, असलं काहीतरी आधी गोळा करा, नाहीतर ट्रिब्युनल किमान वेतनाच्या आसपास धरतं आणि महिना 12,000 धरला तरी याच पद्धतीने 24,97,900 येतात. म्हणून ट्रकची चूक थोडीतरी दाखवता येत असेल तर माझं मत 166, आणि कायद्यात क्लेमला 6 महिन्यांची मुदत लिहिलीये, तेव्हा अर्ज आधी टाका. कमाई नसलेले पंच्याहत्तरीचे आजोबा असते आणि साक्षीदार एकही नसता तर मी 164 च घ्या म्हणालो असतो, वर्षं कशाला घालवायची.