ऑटो-डाउनलोड बंद ठेवून आठ महिने: अंधूक राहिलेले फोटो आणि त्यांचा शोध

आठ महिन्यांपूर्वी फोनची जागा संपत आली म्हणून मी व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड पूर्ण बंद केलं. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग, तिन्हीकडच्या सगळ्या खुणा काढून टाकल्या. तेव्हापासून जे हवं तेच बोट लावून उतरवायचं. शुभेच्छांची फुलं आणि कुणाकुणाचे नाचाचे व्हिडिओ फोनमध्ये साचायचे थांबले. व्हॉइस मेसेज तेवढे या सेटिंगला जुमानत नाहीत, ते आपोआप उतरतातच. जागेच्या हिशेबाने सेटिंग उत्तम चाललं. सातव्या महिन्यात मात्र दणका बसला, आणि त्यात चूक माझीच होती.

झालं असं की दुसऱ्या महिन्यात घरी वायरिंगचं काम निघालं होतं. भिंत फोडून पाइप टाकले, आणि प्लास्टर करण्याआधी इलेक्ट्रिशियनने कुठून काय गेलंय याचे 11 फोटो आमच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपमध्ये मी, नवरा, इलेक्ट्रिशियन आणि त्याचा मदतनीस, एवढेच. मी त्यातले तीन उघडून पाहिले, ‘छान’ लिहिलं आणि कामाला लागले. पाच महिन्यांनी स्वयंपाकघरात फळी ठोकायची होती. ड्रिल मारण्याआधी पाइप बघून घ्यावा म्हणून ग्रुप उघडला, तर तीन फोटो स्वच्छ आणि आठ अंधूक. प्रत्येकावर खाली जाणारा बाण. बाण दाबला, चक्र फिरलं आणि निरोप आला की फाइल आता मिळत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

पहिली दहा मिनिटं मी सगळे जण करतात तेच केलं. वायफाय बंद-चालू, फोन बंद-चालू, ॲप अपडेट. फोनची तारीख-वेळ चुकलेली असली किंवा फोनमध्ये जागाच नसली तरी डाउनलोड अडतं, म्हणून तेही पाहिलं. खूण सोपी आहे: त्याच ग्रुपमधला कालचा फोटो उतरतोय का ते बघायचं. तो उतरत असेल तर तुमचं नेट, जागा, तारीख सगळं ठीक आहे आणि जुनी फाइलच सर्व्हरवर उरलेली नाही. मग कितीही वेळा बाण दाबला तरी उपयोग नाही.

मग प्रश्न पडला, फाइल नाही तर हा अंधूक फोटो दिसतो कुठून? फोटो पाठवताना पाठवणाऱ्याचा फोन तो कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करतो आणि सर्व्हरवर ठेवतो. आपल्याकडे येतो तो मेसेज, आणि त्यात त्या फाइलचा पत्ता, कुलपाची किल्ली आणि नखाएवढं एक चित्र असतं. ते चित्र ताणून दाखवलं की अंधूक दिसतं. म्हणून त्याचा स्क्रीनशॉट काढून मोठा करण्यात अर्थ नाही, कारण त्यात तपशील मुळातच नसतात. आणखी एक गोष्ट मला इतकी वर्षं कळली नव्हती. दोन टिकांचा अर्थ मेसेज पोचला एवढाच. फोटो पोचलाच असं नाही. इलेक्ट्रिशियनच्या फोनवर दोन टिका होत्या, आणि माझ्याकडे फक्त किल्ली होती.

सर्व्हर हे काही कपाट नाही. न पोचलेले मेसेज 30 दिवसांनंतर काढून टाकले जातात असं ॲपच्या मदत पानांवर स्पष्ट आहे. पोचलेल्या मेसेजची न उतरवलेली फाइल किती दिवस राहील यावर मी विसंबत नाही, महिना ही माझी मर्यादा. कधी त्याहून जुनी फाइलही उतरते, पण ते नशीब. आणि मेसेजला तारा, म्हणजे स्टारची खूण, लावून ठेवला म्हणून फोटो जपला गेला असं नाही. तारा मेसेजला लागतो, फाइल उतरत नाही. माझ्या आठांपैकी दोन फोटोंना तारे होते!

आता शोध. फाइल कुणाकुणाच्या फोनमध्ये प्रत्यक्ष असू शकते, हा खरा प्रश्न. सुरुवात नवऱ्याच्या फोनपासून केली, कारण त्याचं ऑटो-डाउनलोड चालू असतं. गॅलरीत काहीच दिसेना. ‘मी गॅलरी साफ केली मागे,’ तो म्हणाला. पण गॅलरीत न दिसणं आणि फोनमध्ये नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडवर फाइल्सचं ॲप उघडून इंटर्नल स्टोरेजमधून इथे जायचं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

बऱ्याच जुन्या फोनवर `WhatsApp` हा फोल्डर थेट बाहेरच असतो, आधीचे तीन टप्पे नसतात. बिझनेसवालं ॲप असेल तर `com.whatsapp.w4b` नावाचा फोल्डर बघायचा. आत फोटोंची नावं `IMG-20240615-WA0012.jpg` अशा साच्यात असतात: आधी वर्ष, महिना, दिवस, मग त्या दिवसाचा क्रमांक. नावानुसार लावले की हवी ती तारीख पटकन सापडते. मी एक-दोन दिवस मागचेपुढचेही बघते, कारण फोटो आला कधी आणि उतरवला कधी यात फरक असू शकतो.

या फोल्डरच्या आत आणखी दोन फोल्डर आहेत आणि बहुतेकांचा शोध त्यांच्या दारातच थांबतो. एक `Private`. एखाद्या चॅटचे फोटो गॅलरीत दाखवू नकोस असं आपण सांगितलं असेल, तर त्या चॅटचे फोटो इथे जातात. नवऱ्याने या ग्रुपसाठी हेच केलं होतं, ‘भिंतींचे फोटो कशाला गॅलरीत’ म्हणून. तिथे चार सापडले. बाकीचे त्याने मागे जागा मोकळी करताना ग्रुपमधूनच उडवले होते. माझे तीन आणि त्याचे चार मिळून सात झाले. नेमका स्वयंपाकघराच्या स्विचबोर्डमागचा फोटो अजून बेपत्ताच होता.

आयफोनवाल्यांना असं फोल्डरात शिरता येत नाही, फाइल्स ॲपच्या पोटातच राहतात. तिथे चॅटच्या माहितीतला मीडियाचा भाग आणि फोनचं फोटो ॲप एवढंच हातात असतं.

बॅकअपबद्दल दोन वाक्यं. फोनमध्ये रोज होणारा जो स्थानिक बॅकअप असतो, त्यात फक्त मेसेज असतात, फोटो नसतात. क्लाउडच्या बॅकअपमध्ये फोटो जातात, पण जे मुळात फोनवर उतरलेच नाहीत ते बॅकअपमध्ये कुठून येणार? त्यामुळे ॲप काढून परत टाकण्याच्या सल्ल्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. उलट ॲप काढताना वरचा फोल्डरही जाऊ शकतो, म्हणजे जे सात होते तेही धोक्यात.

दुसरा फोल्डर म्हणजे `Sent`, आणि खरी गंमत त्यात आहे. आपण फोटो पाठवतो तेव्हा ॲप त्याची लहान केलेली प्रत बनवून पाठवणाऱ्याच्याच फोनमध्ये इथे ठेवतं. ती गॅलरीत दिसत नाही. पाठवणाऱ्याने गॅलरीतला मूळ फोटो पुसला तरी ही प्रत बहुतेक वेळा शाबूत असते.

इलेक्ट्रिशियनला फोन केला.

‘ताई, पाच महिने झाले. गॅलरीतून कधीच उडवले ते. रोजचे पन्नास फोटो असतात.’

‘दादा, गॅलरी नका बघू. आपला ग्रुप उघडा आणि मी आत्ता जो मेसेज टाकलाय, त्यातल्या फोटोवर बोट लावा.’

इथे एक युक्ती उपयोगी पडली. ‘जुने फोटो पाठवा ना’ असं मोघम लिहिलं की समोरचा गॅलरीत शोधत बसतो, भलत्याच साइटचे फोटो पाठवतो किंवा ‘बघतो’ म्हणून विसरतो. त्याऐवजी मी उरलेल्या चारही अंधूक फोटोंना एकेक करून रिप्लाय दिला होता आणि लिहिलं होतं, ‘हा’. त्या रिप्लायमधल्या छोट्या फोटोवर बोट लावलं की पाठवणारा थेट पाच महिन्यांपूर्वीच्या मूळ मेसेजवर जाऊन पोचतो. शोधावं लागतच नाही. म्हणूनच अंधूक मेसेज वैतागून डिलीट करू नका. तो गेला की कशाला बोट दाखवायचं हाच प्रश्न उरतो.

‘अरेच्चा, इथं तर दिसतायत की स्वच्छ,’ तो म्हणाला. ‘मग तेच परत याच ग्रुपवर फॉरवर्ड करा.’ चारही आले. फॉरवर्ड करताना सर्व्हरवर फाइल नसेल तर त्याचा फोन आपल्याकडची प्रत नव्याने चढवतो, म्हणून माझ्याकडे नवा मेसेज येतो आणि तो उतरतो. जुना अंधूक मेसेज मात्र तसाच राहतो, तो काही आपोआप उजळत नाही. त्याच्या फोनवरही फोटो अंधूक असता तर फॉरवर्डचा उपयोग नव्हता. मग मदतनीसाला विचारावं लागलं असतं. ग्रुपमधल्या ज्याच्याकडे फोटो स्वच्छ दिसतो त्या कुणालाही फॉरवर्ड करता येतं, मूळ पाठवणाराच हवा असं नाही. अपवाद एकदाच बघता येणाऱ्या फोटोंचा. ते 14 दिवसांत उघडले नाहीत तर संपतात, आणि पाठवणाऱ्याच्या चॅटमध्येही पुन्हा उघडता येत नाहीत.

तर 11 च्या 11 मिळाले, पण पूर्ण जिंकले असं नाही. स्विचबोर्डमागच्या फोटोत त्याने पाइपच्या शेजारी मोजपट्टी धरली होती. पाइप बोर्डाच्या डावीकडून वर जातो हे स्पष्ट दिसतं. पण `Sent` मधली प्रत लहान केलेली असल्यामुळे पट्टीवरचे आकडे वाचताच येत नाहीत. सात आहे की नऊ? मूळ फोटो गॅलरीत असता तर डॉक्युमेंट म्हणून मागवला असता, त्यात फाइल जशीच्या तशी येते. तो त्याने पुसला होता.

आता फोटोंपुरतं ऑटो-डाउनलोड वायफायवर चालू केलंय, व्हिडिओचं बंदच आहे. मोजमापं, पावत्या असलं काही आलं की त्याच दिवशी डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागते, समोरचा कितीही वैतागला तरी. आणि फळी बोर्डाच्या उजव्या बाजूला ठोकली.