ओल्या दारावर रंधा मारू देऊ नका

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. चिखल उपसून झाल्यावर पाहिलं, तर सासऱ्यांनी करून घेतलेलं सागवानी दार फुगून चौकटीत रुतलं होतं आणि भुश्याच्या बोर्डाचं कपाट खालून फुललं होतं.

आठवड्याभरात एक कंत्राटदार दारोदार फिरत आला. "वहिनी, काही टाकायचं नाही. मशीनवर सुकवून सगळं नव्यासारखं करून देतो." 38 हजार ठरले, 25 आगाऊ दिले. चौथ्या दिवशी दार परत आलं, चकचकीत पॉलिश केलेलं. ते अलगद लागलं, म्हणून मी उरलेले पैसेही दिले.

मशीन कुठलं नव्हतंच. ओल्या दाराची कड दोन सूत रंधून वर पॉलिश मारलं होतं. लाकूड आतून वाळायला लागलं तसे पॉलिशखाली पांढरे डाग आले, मग फोड. फेब्रुवारीत दार इतकं आकसलं की फटीतून बोट बाहेर जायचं. फुगलेलं सागवान सुकलं की बरंचसं मूळ मापावर येतं. रंध्याने गेलेलं मात्र परत येत नाही.

ओळखीच्या सुतारकाकांनी नंतर दाखवलं ते आधी कळायला हवं होतं. दार बिजागऱ्यांतून काढून चिखल धुवायचा आणि सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं पट्ट्यांवर उभं करायचं. उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी वाळतो आणि लाकूड तडकतं, वाकतं. दारावर पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा करून दर रविवारी तिथली रुंदी मोजायची. दोन-तीन आठवडे माप हललं नाही की मगच रंधा. आमच्याकडे पावसाळ्यात हे होतच नाही, दिवाळीनंतरच होतं. तोपर्यंत दार नुसतं टेकवून ठेवावं लागलं तरी चालेल.

कपाटाचं दुःख वेगळं. कंत्राटदाराने खाली पाण्याला टिकणारा "मरीन प्लाय" टाकल्याचे साडेसहा हजार लावले होते. वर्षभरात कुबट वास सुटला. खालची सनमायकाची पट्टी उचकटली तर आत तोच जुना बोर्ड. नखाने दाबला तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखा सुटून हातात आला. असा बोर्ड एकदा फुलला की त्यातला भुसा डिंकापासून सुटलेला असतो. वाळवला तरी जाडी परत येत नाही, स्क्रूही धरत नाही. तो सरळ बदलायचा. प्लायचे थर सुटून पोकळ वाजत असतील तर तोही. नवा मरीन प्लाय घेतलात तर कापण्याआधी त्यावरचा IS 710 या भारतीय मानकाचा शिक्का स्वतः बघा, फोटो काढून ठेवा.

दाराच्या कडेला सुतारकाकांनी जुन्या सागाची पट्टी चिकटवून दिली. जोड दिसतो, पण दार नीट लागतं. कपाट आम्ही काढून टाकलं.