साडेपाचशे किलोमीटर, रेल्वे की विमान? आठ महिन्यांच्या वहीतला हिशोब

कामामुळे गेले आठ महिने मला दर पंधरा दिवसांनी साधारण साडेपाचशे किलोमीटरवरच्या एका शहरात जाऊन यावं लागतंय. अंतर मोठं अडनिडं आहे. दोनशे किलोमीटर असते तर विमानाचा विचारही मनात आला नसता, आणि दीड हजार असते तर रेल्वेचा. इथे मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि घरात, ऑफिसात सगळे बोलतातही. 'अगं, सव्वा तासात पोचशील' हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी एक वही केली. घराला कुलूप लावलं की वेळ लिहायची आणि तिकडच्या खोलीचं दार उघडलं की पुन्हा लिहायची. एका बाजूचा प्रवास म्हणजे एक नोंद. अशा आजवर 32 नोंदी झाल्यात: 17 रेल्वेच्या, 15 विमानाच्या. विमानाच्या 15 पैकी 9 वेळा बॅग काउंटरवर दिली होती आणि 6 वेळा फक्त हातातली बॅग होती. ही शेवटची विभागणी मी सहज म्हणून केली होती, पण पुढे तीच सगळ्यात उपयोगी ठरली.

आधी रेल्वेचा नेहमीचा दिवस. घरातून स्टेशन 25 मिनिटं, गाडीच्या आधी 20 मिनिटं हाताशी, गाडीत साडेपाच तास, उतरल्यावर खोलीपर्यंत 25 मिनिटं. एकूण 6 तास 40 मिनिटं. यात फारसं काही हलत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

विमानाचं तसं नाही. तिकिटावर 1 तास 20 मिनिटं लिहिलेली असतात. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. प्रत्यक्ष हवेत आपण तासाच्या आतच असतो, बाकीचा वेळ धावपट्टीकडे रांगत जाण्यात आणि परत येण्यात जातो. त्याच्या अलीकडे-पलीकडे काय काय येतं ते मी एका प्रवासाच्या नोंदीतून सांगते, कारण तो अगदी सरासरी दिवस होता, काहीही बिघडलं नव्हतं.

कुलूप ते विमानतळ 55 मिनिटं. बॅग द्यायची होती म्हणून 1 तास 40 मिनिटं आधी पोचले. हे फार वाटतं, पण बॅगेचा काउंटर उड्डाणाच्या 45 ते 60 मिनिटं आधी बंद होतो आणि त्या वेळेला दयामाया नसते. म्हणजे रांग धरून किमान तासभर आधी बॅग पट्ट्यावर गेलेली हवी, आणि रस्त्यातल्या वाहतुकीसाठी वर थोडी सवड हवीच. मग विमानातले 1 तास 20 मिनिटं. उतरताना मी बाविसाव्या रांगेत होते, विमानाबाहेर पडायला 15 मिनिटं गेली. बस आणि चालणं 10. पट्ट्यावर बॅग यायला 25. टॅक्सीच्या रांगेत 10. तिथून खोली 50. बेरीज केली तर 5 तास 45 मिनिटं होतात.

म्हणजे रेल्वेपेक्षा 55 मिनिटं वाचली. सव्वा तासाच्या विमानाने साडेपाच तासांच्या गाडीवर मिळवलेली आघाडी एवढीच.

आता तोच प्रवास फक्त हातातल्या बॅगेने. बोर्डिंग पास फोनवर आधीच घेतलेला, काउंटरशी काही संबंधच नाही, त्यामुळे सव्वा तास आधी पोचलं तरी पुरतं. पलीकडे पट्ट्यासमोर उभं राहायचं नाही. इकडची 25 आणि तिकडची 25, मिळून 50 मिनिटं गळतात आणि एकूण 4 तास 55 मिनिटं होतात. आता रेल्वेवरची बचत पावणेदोन तास झाली. तेच विमान आणि तेच रस्ते, फक्त एक बॅग कमी.

खर्चाचं मी असं केलं: रेल्वेच्या तिकिटाला 100 धरलं आणि बाकी सगळं त्या मापात मोजलं, कारण भाडी दर आठवड्याला बदलतात पण एकमेकांतलं नातं फारसं बदलत नाही. माझ्या मार्गावर दोन आठवडे आधी घेतलेलं विमानाचं तिकीट साधारण 140 पडतं. बॅगेचे वेगळे 35. दोन्ही टोकांच्या टॅक्सी मिळून 70, कारण विमानतळ नेहमीप्रमाणे गावाबाहेर. रेल्वेला दोन्ही टोकांचे मिळून 20 पुरतात. म्हणजे रेल्वे 120, बॅगेसह विमान 245, बॅगेशिवाय 210.

बॅगेसह गेले तर 125 जास्त देऊन मी 55 मिनिटं विकत घेते. बॅगेशिवाय 90 जास्त देऊन 105 मिनिटं. तासाच्या भावात आणलं तर पहिल्या वेळी वाचलेला एक तास 136 ला पडतो आणि दुसऱ्या वेळी 51 ला. पहिल्या भावात रेल्वेचं एक अख्खं तिकीट येतं आणि वर थोडे उरतात. तुमचे आकडे वेगळे येतील, पण हा भाग एकदा कागदावर काढाच. बॅगेचं शुल्क आपण फक्त पैशात मोजतो, वेळेत मोजत नाही, आणि माझ्या हिशोबात तरी वेळेचा फटका जास्त मोठा निघाला.

'मग हातातलीच बॅग ने ना' असं म्हणणं सोपं आहे. मीही तेच ठरवलं आणि तिसऱ्याच वेळी फसले. बॅग वजनात बसत होती, घरच्या काट्यावर तीनदा पाहिलं होतं. पण मापात चाकं आणि मूठसुद्धा धरतात, हे मी विसरले होते. गेटवर ती मापाच्या चौकटीत शिरेना. तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे टॅग लावला आणि म्हणाला, 'मॅडम, पॉवर बँक असेल तर काढून घ्या.' सुट्या लिथियम बॅटऱ्या खाली सामानकक्षात चालत नाहीत, त्या जवळच ठेवाव्या लागतात. तिथे आग लागली तर ती कोणाच्या हातात येत नाही, म्हणून. नियम बरोबरच आहे. पण माझी पॉवर बँक कपड्यांच्या अगदी तळाशी होती. मागे दीडशे माणसांची रांग, मी गुडघ्यावर बसून बॅग उघडतेय, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात चार्जरची वायर, आणि औषधांची पिशवी कुठे ती सापडत नाहीये. शिवाय पलीकडे उतरल्यावर पट्ट्यासमोरची 25 मिनिटं होतीच. पैसे दिले आणि वेळही गेला.

तेव्हापासून मऊ बॅग घेतली, चाकं नसलेली. पॉवर बँक, औषधं, किल्ल्या एका छोट्या पिशवीत सगळ्यात वर. द्रवांची आणखी एक गंमत: जिथे 100 मिलिलिटरचा नियम लागू असतो तिथे बाटलीवर छापलेलं माप बघतात, आत किती उरलंय ते नाही. दीडशेच्या बाटलीत तळाला उरलेला शाम्पू मी असाच एकदा टोपलीत टाकून आले.

रेल्वेत यातलं काही नाही, पण तिथे बॅग आपल्यालाच उचलावी लागते. मी एकदा मोजलं. टॅक्सीतून काढणं, स्टेशनचा जिना चढणं, उतरणं, डब्याच्या पायऱ्या, वरच्या फळीवर ठेवणं, आणि पलीकडे हेच सगळं उलट क्रमाने. सात-आठ किलोला काही वाटत नाही. वीस किलोला दुसऱ्या दिवशी खांदा सांगतो. विमानात वीस किलोची बॅग तुम्ही टॅक्सीतून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून काट्यावर ठेवता, की पलीकडच्या पट्ट्यापर्यंत ती दुसऱ्याची जबाबदारी. एकदा बाबा बरोबर होते, त्यांचे गुडघे दुखतात, आणि दोघांचं मिळून सामान भरपूर. त्या वेळी 55 मिनिटं आणि 136 चा भाव वगैरे सगळं बाजूला ठेवून विमानाने गेलो. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती, बाबांना एकही जिना चढावा लागला नाही. तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

उशिराबद्दल. रेल्वे बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आली, एकदाच 1 तास 50 मिनिटं रखडली. विमान दोनदा दोन तासांच्या वर गेलं, आणि दोन्ही वेळा संध्याकाळचं होतं. यात नशिबाचा भाग कमी आहे. एकच विमान दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारतं, सकाळी कुठेतरी झालेली चाळीस मिनिटं पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटत जातात. म्हणून आता मी निघण्याआधी माझ्या फ्लाइटची वेळ बघण्याऐवजी, तेच विमान या क्षणी कुठे आहे ते फोनवर बघते. ते मागच्या शहरातून उडालेलंच नसेल तर स्क्रीनवर 'वेळेवर' लिहिलेलं असलं तरी मी चहा टाकते. अर्थात काउंटरची वेळ मात्र पाळायचीच. उशिराची घोषणा मागेही घेतली जाते.

आणि रखडणं कुठे होतं त्यानेही फरक पडतो. गाडी रखडली तेव्हा मी माझ्याच जागेवर बसून अहवाल पुरा केला. विमान रखडलं तेव्हा ते वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी रखडलं, दर हप्त्याला उठून बोर्ड बघायचा. तसंही विमानाच्या दिवशी मला सलग मिळालेला सगळ्यात मोठा वेळ 45 मिनिटांचा आहे. बाकी सगळं रांग, पट्टा, बूट, लॅपटॉप काढा, लॅपटॉप ठेवा. गाडीत साडेपाच तासांतले चार तास तरी कामाचे निघतात, नेटवर्क मधूनमधून जातं हे धरूनही. मला लिहिण्याचं काम असतं म्हणून याला एवढी किंमत. ज्यांना प्रवासात झोपायचंच आहे किंवा स्क्रीन बघून मळमळतं, त्यांनी ही ओळ हिशोबातून वगळावी.

सध्याची पद्धत अशी झालीय: जाताना रेल्वे, कारण बॅगेत कागदपत्रं आणि नमुने असतात, आणि गाडीत तयारी होते. येताना नमुने तिकडेच राहतात, बॅग रिकामी होते, तेव्हा सकाळचं पहिलं विमान, हातातल्या बॅगेने. उशीर झाला तरी घरीच जायचं असतं. फक्त एकदा तिकडून निघताना सहकाऱ्यांनी पुस्तकांचा गठ्ठा दिला, साडेचार किलोचा. गेटच्या अलीकडे मी दोन जाडजूड पुस्तकं जॅकेटच्या खिशात कोंबून उभी होते.