बारा सेलांचा जोडणी-फळा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या छोट्या शिकवणीसाठी गेल्या जुलैत मी बारा मोठ्या सेलांचा, पितळी पट्ट्या हलवून एकसर, समांतर किंवा मिश्र जोडणी करता येणारा लाकडी फळा घेतला.

सोबतच्या कागदावर 'जास्त प्रवाहासाठी सर्व सेल एकसर जोडा' एवढेच छापले होते, आणि तेच चूक निघाले. प्रत्येक सेलचे विद्युतचालक बल १.५ व्होल्ट आणि अंतर्गत रोध सुमारे ०.५ ओहम होता, बाहेर १.५ ओहमची नायक्रोमची तार होती. बाराही सेल एकसर जोडल्यास १८ व्होल्ट मिळतात खरे, पण आतला रोधही ६ ओहम होतो आणि प्रवाह २.४ अँपिअरवर थांबतो. सगळे समांतर जोडल्यास तो एक अँपिअरही भरत नाही. सहा-सहा सेलांच्या दोन ओळी समांतर जोडल्या, की ९ व्होल्टला आतला रोध १.५ ओहम, म्हणजे बाहेरच्या रोधाइतकाच होतो, आणि प्रवाह ३ अँपिअर मिळतो. आतला एकूण रोध बाहेरच्या रोधाच्या बरोबरीला आणणारी जोडणी शोधायची, हाच नियम. मात्र अशा वेळी निम्मी ऊर्जा सेलांतच उष्णता होऊन जाते, त्यामुळे कळ काही सेकंदच दाबावी.

फळ्याची खरी किंमत मला डिसेंबरात कळली. त्याच दोन ओळींत प्रवाह १.९ अँपिअरवर आला होता. आधी मी पट्ट्यांवरच्या पावसाळी हिरवट थराला दोष दिला, पण त्या पॉलिश कागदाने घासूनही आकडा हलला नाही. सेल मोजले, तेव्हा मोकळ्या टोकांवर १.४५ व्होल्ट मिळत होते, पण अंतर्गत रोध एक ओहमवर गेला होता. चार-चारच्या तीन ओळी करताच काटा २.०५ अँपिअरवर गेला. सेल तेच, तार तीच. उत्तम जोडणी मात्र बदलली होती. पुस्तकातल्या गणितात रोध स्थिर धरलेला असतो, म्हणून हे सहसा ध्यानात येत नाही.

एक तक्रार आहे. खोबणींवर धन-ऋण खुणा इतक्या फिक्या आहेत, की नव्या सेलांच्या सहाच्या दोन ओळी लावताना एका विद्यार्थ्याने एक सेल उलटा बसवला. त्या ओळीत सहा व्होल्टच उरले आणि नऊ व्होल्टची दुसरी ओळ तिच्यातून सुमारे अर्धा अँपिअर ढकलू लागली, तीही बाहेरची कळ उघडी असताना! सेल हाताला कोमट लागले म्हणून समजले. व्होल्टमीटरने नऊऐवजी साडेसात व्होल्ट दाखवले. आता ओळी एकमेकींना जोडण्याआधी मी प्रत्येक ओळ वेगळी मोजतो, आणि जुने-नवे सेल एकाच ओळीत कधीच बसवत नाही.