फायबरचं बिल आणि दर महिन्याचे ४१ रुपये ३० पैसे: सात महिन्यांचा अनुभव

लाईन घेऊन सात महिने झाले. स्पीड ठीक आहे, त्यावर लिहीत नाही. लिहायचं आहे बिल भरण्याबद्दल, कारण पहिले चार महिने मी भलत्याच साईटवर भरत होतो.

४९९ चा प्लॅन, १८ टक्के जीएसटी धरून ५८९. गुगलवर कंपनीचं नाव आणि 'बिल पेमेंट' टाकायचो, सगळ्यात वरचं दाबायचो. कंपनीसारखाच रंग, वर कुलपाचं चिन्हही. बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यासाठी पासबुक भरून आणलं आणि विचारलं, "काऊन रे, बिल पाचशे एकोणनव्वद, मंग खात्यातून सहाशे तीस काऊन गेले?"

पुढच्या वेळी सावकाश पाहिलं. वरती मोठ्या अक्षरात ५८९. शेवटच्या पानावर, पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर, फिक्या राखाडी बारीक अक्षरात सुविधा शुल्क ३५ रुपये आणि त्यावर जीएसटी ६.३०. चार महिन्यांचे १६५ रुपये २० पैसे गेले होते. मी पैसे न भरता बाहेर पडलो.

आधी वाटलं, फसवणूक झाली, १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करावी. पण चारही बिलं कंपनीकडे जमा होती आणि शुल्क पानावर लिहिलेलं होतं. मधल्या दलालाला पैसे मीच दिले होते, म्हणून तक्रार केली नाही.

मग मी एक खूण ठरवली: नंबर टाकल्यावर आपलं नाव आणि रक्कम आपोआप दिसली, तर साईट खरी. शेजारच्या दोन घरी सांगितलंही. ते चूक होतं, परत जाऊन सांगावं लागलं. भारत कनेक्ट, म्हणजे आधीचं बीबीपीएस, ही बिल भरायची सामायिक व्यवस्था आहे. तिच्यातून दुसऱ्यांच्या साईट आणि अ‍ॅपनाही आपलं बिल दिसतं.

आता फक्त पत्ता पाहतो. `https://` नंतरचा पहिला `/` शोधायचा आणि त्याच्या लगेच डावीकडे काय आहे ते वाचायचं. `portal.bsnl.in/` मध्ये तिथे `bsnl.in` आहे, म्हणजे ती बीएसएनएलचीच. `bsnl.example.com/` असं असेल तर मालक `example.com`, पुढे कंपनीचं नाव कितीही ठळक असो. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या रस्त्यात कोणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. आणि गुगलवर ज्याच्यावर `Sponsored` लिहिलंय ती पैसे देऊन लावलेली जाहिरात. मी नेमकं तेच दाबत होतो.

शेवटी पत्ता बिलाच्या पीडीएफवरून हाताने टाकला आणि साईट होम स्क्रीनवर ठेवली. तीन महिने यूपीआयने बरोबर ५८९ जातात. घरात मोबाईलला रेंज नाही, साईटवर लॉगिन करायच्या ओटीपीसाठी गच्चीवर जावं लागतं, तेवढा त्रास आहे.

आईचा मोबाईलही आता कंपनीच्याच अ‍ॅपवरून रिचार्ज करतो. पेमेंट अ‍ॅप रिचार्जवर एक-दोन रुपये प्लॅटफॉर्म फी लावत होतं, तेही बाबांनीच पकडलं.