काट्याचा मीटर की डिजिटल? एक मेगओहमच्या परिपथात

दोन १ मेगओहमचे रोधक १० व्होल्टला एकसरीत जोडले असता प्रत्येकावर ५ व्होल्ट असायला हवेत. मग मीटर कमी का दाखवतो, असे एका विद्यार्थ्याने विचारले आहे. मीटर रोधकाला समांतर जोडला जातो आणि त्याच्या दोन टोकांमधला स्वतःचा रोध, म्हणजेच इनपुट इम्पिडन्स, त्या भागाचा एकूण रोध घटवतो.

प्रति व्होल्ट २० किलोओहमच्या काट्याच्या मीटरचा रोध १० व्होल्टपर्यंत मोजणाऱ्या पट्ट्यावर फक्त २०० किलोओहम असतो, त्यामुळे तो सुमारे १.४३ व्होल्ट दाखवतो. ५० व्होल्टच्या पट्ट्यावर तोच रोध १ मेगओहम होऊन वाचन ३.३३ होते, आणि पट्टा बदलताच असे वाचन बदलणे हीच मीटरचा परिपथावर भार पडत असल्याची खूण होय. १० मेगओहमचा डिजिटल मीटर ४.७६ व्होल्ट दाखवतो. चूक उरतेच, पण त्याचा रोध पट्ट्यागणिक सहसा बदलत नसल्याने पट्टा बदलून ती उघड होत नाही.

डिजिटल मीटरला बॅटरी लागते. काट्याच्या मीटरला व्होल्टेज मोजताना लागत नाही.

मोठ्या रोधांच्या परिपथासाठी डिजिटलच घ्यावा. घरातील वायरिंगमध्ये मात्र तो तुटलेल्या तारेवरही शेजारच्या तारेमुळे आलेले फसवे व्होल्टेज दाखवू शकतो, तेथे कमी इम्पिडन्सचा मीटर अधिक उपयोगी.